ओडीच्या व्याजाचा जून महिना

बँकेत तीस वर्षं काढली, त्यातली बरीचशी कर्ज खात्यात, आणि दर महिन्याच्या एक-दोन तारखेला काउंटरवर एकच प्रश्न यायचा, साहेब महिन्याच्या सुरुवातीला तीन लाख उचललेले होते, शेवटीही तीनच लाख, मग व्याज जास्त कसं लागलं? आज तेवढंच घेऊन बसू या, एका हार्डवेअरच्या दुकानाचं ओडी म्हणजे ओव्हरड्राफ्ट खातं, लिमिट म्हणजे जास्तीत जास्त उचलता येतील असे पाच लाख, आणि महिना जून म्हणजे 30 दिवस.

व्याजदर मी मुद्दाम 10.95 टक्के धरतो, कारण 365 नी भागलं की रोजचे बरोबर 0.03 टक्के होतात, म्हणजे शंभर रुपयाला दिवसाला तीन पैसे, लाखाला दिवसाला 30 रुपये. हा लाखाचा आकडा लक्षात ठेवा, पुढे सारखा लागणार आहे. तुमचा दर वेगळा असेल तर तुमचा आकडा काढून वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

आता खातं बघू. 1 जूनला नावे बाकी, म्हणजे बँकेचं देणं, 3 लाख. 6 तारखेला एका गिऱ्हाइकाचे 1 लाख जमा झाले, बाकी 2 लाखांवर आली. 15 ला सिमेंटवाल्याचा अडीच लाखांचा चेक वटला, बाकी साडेचार लाख. 25 ला दीड लाख भरले, परत 3 लाख, आणि महिना तिथेच संपला. स्टेटमेंटवर एंट्र्या तीनच दिसतात, पण व्याज एंट्रीवर लागत नाही, रोज रात्री दिवस बंद होताना जी बाकी उरते तिच्यावर लागतं, त्यात रविवार आला, सुट्टी आली, ज्या दिवशी काहीच व्यवहार नाही तोही दिवस आला. आणि लिमिट पाच लाखांचं असलं तरी व्याज उचललेल्या रकमेवरच.

मग 1 ते 5 हे पाच दिवस 3 लाखांचे, 6 ते 14 नऊ दिवस 2 लाखांचे, 15 ते 24 दहा दिवस साडेचार लाखांचे, 25 ते 30 सहा दिवस 3 लाखांचे. लोक चुकतात ते इथे, 6 तारीख जुन्या बाकीत धरायची की नव्या? पैसे 6 ला आले, त्या रात्रीची बाकी 2 लाख, म्हणून 6 नवीन बाकीत. आणि सगळे दिवस मिळवून 30 भरले नाहीत तर पुढे जाऊच नका, कुठेतरी एक दिवस सुटलाय किंवा दोनदा धरलाय.

बाकी गुणिले दिवस केलं की 15 लाख, 18 लाख, 45 लाख आणि परत 18 लाख. बेरीज 96 लाख, याला आम्ही बँकेत प्रॉडक्ट म्हणायचो. लाखाला 30 रुपये, म्हणजे 96 गुणिले 30, झाले 2,880. सरळ तीन लाखांवर महिनाभर धरलं असतं तर 2,700 आले असते. वरचे 180 त्या मधल्या दहा दिवसांनी आणलेत, नऊ दिवसांनी वाचवलं त्यापेक्षा त्यांनी जास्त खाल्लं.

आणि मला सगळ्यात जास्त हळहळ वाटते ती या दहा दिवसांची. समजा 25 ला भरलेले दीड लाख 15 तारखेलाच हातात आले होते आणि गल्ल्यात किंवा दुसऱ्या करंट खात्यात पडून राहिले, तर रोजचे 45 रुपये, दहा दिवसांचे 450 उगाच गेले. व्यापाऱ्याचे कष्टाचे पैसे असतात हो ते.

उलटंही होतं. सगळी उचल फिटून खात्यात तुमचेच पैसे उरले, म्हणजे जमा बाकी झाली, तर ते दिवस शून्य धरायचे, एक्सेलमध्ये लोक जमा बाकी वजा चिन्हाने टाकतात आणि प्रॉडक्ट आपोआप कमी होतो, मग बँकेशी भांडायला येतात. सहसा बँक त्या दिवसांचं व्याज देत नाही, फक्त घेत नाही.

हे 2,880 महिनाअखेरीला खात्यालाच नावे पडतात (एप्रिल 2002 पासून रिझर्व्ह बँकेच्या सूचनेने व्याजाची आकारणी दरमहा होते, आधी तिमाही असायची), म्हणजे जुलै 3,02,880 वर सुरू होतो आणि व्याजावर दिवसाला शहाऐंशी पैसे चढायला लागतात. भरून टाका, ठेवू नका.

आता तुमचा हिशोब 2,820 आला आणि बँकेने 2,880 लावले, तर काय करायचं? फरक 60 रुपये, लाखाला 30 म्हणजे दोन लाखांचा प्रॉडक्ट, एक लाख दोन दिवस. आता खात्यात एक लाखाची एंट्री शोधा. सापडली, गिऱ्हाइकाचा चेक तुम्ही 4 ला टाकला, स्लिपवर शिक्का 4 चा, म्हणून वहीत 4 लिहिलं, पण क्लिअर होऊन खात्यात आला 6 ला, आणि व्याज 6 पासून कमी झालं. बँकेचं बरोबर आहे. पण एंट्री तारीख 4 ची असून व्याज 6 पर्यंत लावलेलं दिसलं, तर मात्र स्टेटमेंटवर पेन्सिलने दिवस मांडून, हा प्रॉडक्टचा कागद जोडून लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या.