काठ बघा, मग जीन्स बोला

(दृश्य: मागांचं शेड. दहा सेकंद नुसता खडखडाट.)

हा आवाज आधी नीट ऐकून घ्या. जपानमधल्या कुराशिकी शहराचा कोजिमा नावाचा भाग आहे हा, जपानी जीन्सचं माहेरघर. इथे पहिली जीन्स १९६५ साली शिवली गेली, पण कापड तेव्हा अमेरिकेतून यायचं, आणि आता उलटं झालंय, जगभरातले डेनिमवेडे या खडखडाटासाठी इथे येतात.

(दृश्य: धोटा क्लोजअपमध्ये, स्लो मोशन.)

तो पळतोय तो धोटा. मालेगाव-इचलकरंजीवाल्यांना वेगळं सांगायला नको. धोटा बाण्याचा दोरा घेऊन पलीकडे जातो, वळतो, तोच दोरा घेऊन परत येतो, मधे कुठे कापत नाही, म्हणून कापडाला दोन्ही बाजूंनी पक्का काठ मिळतो, साडीला असतो ना तसाच. यालाच सेल्व्हेज म्हणतात. नवीन मागावर धोटाच नसतो, प्रत्येक दोरा सुटा टाकून कापला जातो, मग कडेला दशा निघतात आणि शिवताना ओव्हरलॉक मारावं लागतं. नवीन माग कितीतरी फास्ट आणि कापड जवळपास दुप्पट रुंद, या जुन्याचा पन्हा जेमतेम तीस इंच. त्यामुळे एका जीन्सला कापडही लांबलचक लागतं, किंमत तिथून वाढते.

(दृश्य: कटिंग टेबल. कारागीर कागदी पॅटर्न काठाला लावतोय.)

इथे थांबा, कारण पायाचा कट या टेबलावर ठरतो. काठ सरळ असतो, त्यामुळे पायाची बाहेरची शिवणही सरळच ठेवावी लागते. स्ट्रेट कट आरामात बसतो, टेपर करायचा तर सगळा आकार आतल्या शिवणीतून काढायचा, आणि बूटकट-बेलबॉटमला तर बाहेरची बाजूही वळवावी लागते, म्हणजे काठच कापला जातो. म्हणून सेल्व्हेजमध्ये बेलबॉटम शोधत बसू नका. काही ठिकाणी साध्या जीन्सला आतून काठासारखी लाल रेघेची पट्टी शिवून 'सेल्व्हेज' म्हणून विकतात. पाय उलटा दुमडून बघा, रेघ कापडातच विणलेली हवी, वेगळी पट्टी शिवलेली नाही. आणि हो, सेल्व्हेज म्हणजे रॉ, म्हणजे न धुतलेलीच, असं नाही, धुतलेली सेल्व्हेजही मिळते.

(दृश्य: तळहातावर कापलेलं निळं सूत.)

रंगाच्या खात्यात कॅमेरा नेता आला नाही, म्हणून सूतच बाहेर आणलं. बाहेरून निळं, पोटात पांढरं. सूत निळीत बुडवतात, वर काढून हवा लागू देतात, परत बुडवतात, नीळ बाहेरच्या थरातच बसते. घासलं की पांढरं डोकावतं. फेडिंग फेडिंग म्हणतात ते एवढंच.

(दृश्य: नवी जीन्स टेबलावर स्वतःच्या पायावर उभी.)

ही रॉ, म्हणजे विणल्यावर न धुतलेली. वजन १४ औंस, म्हणजे एका चौरस यार्डाला १४ औंस, आपल्या हिशोबात चौरस मीटरला साधारण पावणेपाचशे ग्रॅम. बाजारातल्या स्ट्रेचवाल्या बहुतेक १० ते १२ च्या. हिचं कापड आधी आटवलेलंही नाही, म्हणून पहिल्यांदा भिजवली की आटते. ३६ इंच लांबी आठ टक्के आटली तर ३३ वर येते, तेव्हा लांबी आधी भिजवून, वाळवून, मगच कमी करायची, नाहीतर घोट्याच्या वर जाते.

(दृश्य: तीच जीन्स, वर्षभर वापरलेली. कॅमेरा वरून खाली, सावकाश.)

जांघेजवळच्या या रेघांना जपानीत 'हिगे' म्हणजे मिशा, गुडघ्यामागे 'हाचिनोसु' म्हणजे मधमाशीचं पोळं. जाड कापड एकदा जिथे दुमडतं तिथेच परत परत दुमडतं, म्हणून रेघ धारदार. हलक्या कापडाची घडी जागा बदलते, फेड पसरट येतो. कट सैल असला तर मिशा अंधुक राहतात, घट्ट असला की ठळक. न धुता जास्त घातली की कॉन्ट्रास्ट वाढतो हे खरं, पण घाम-मळाने सूत कमजोर होतं आणि सगळ्यात आधी जांघेत फाटतं, त्यामुळे सहा सहा महिने न धुण्याची फुशारकी मला काही पटत नाही.

(दृश्य: दुकानातल्या धुतलेल्या जीन्सची रांग. झटपट कट.)

या मिशा कारखान्यातही पाडतात, दगडांसोबत धुऊन, एन्झाइमने, घासून. वाळूचा मारा करून पाडायचे तेव्हा कामगारांना सिलिकोसिस झाला, तुर्कस्तानने २००९ मध्ये ती पद्धत बंद केली.

(दृश्य: परत वर्षभराची जीन्स. पाय बाहेरून, मग उलटा.)

बाहेरच्या शिवणीवर दोन फिकट समांतर रेघा दिसतायत, रेल्वेच्या रुळासारख्या. आत बघा, काठाच्या दोन पट्ट्या उघडून सपाट बसवल्यात, त्यांच्या कडा बाहेरून घासल्या गेल्यात. मागाच्या त्याच काठाच्या कडा आहेत या.

(मागाचा खडखडाट परत. फेड आउट.)