तान्ह्या बाळाचं चोंदलेलं नाक आणि दोन बाटल्या

नमस्कार श्रोतेहो. गुऱ्हाळं पेटली, शेतात उसाचं पाचट जळायला लागलं आणि पहाटेचा गारठा वाढला, की आमच्या दवाखान्यात नाक चोंदलेली तान्ही बाळं रोज येतात. आज मी त्यांच्याबद्दलच बोलणार आहे, आणि त्यातही फक्त नाकात घालायच्या थेंबांबद्दल.

कागल तालुक्यातल्या एका घरातलं उदाहरण घेऊ. बाळ अडीच महिन्यांचं. सर्दी झाली, नाक घुरघुरायला लागलं, दूध पिताना बाळ मध्येच तोंड सोडून रडायला लागलं. घरात आजोबांची नाकाच्या थेंबांची बाटली होती. आजीनं त्यातलेच दोन-दोन थेंब दर तीन-चार तासांनी घातले. पहिल्या दिवशी नाक झटक्यात मोकळं झालं. सहाव्या दिवशी आजी बाळाला घेऊन आल्या, आणि म्हणाल्या, "औषिद घातलं की घटकाभर नाक सुटतंय, पुन्हा गच्चच की!" नाकात बघितलं तर शेंबूड जवळजवळ नव्हताच. आतली त्वचा मात्र लालभडक आणि सुजलेली होती. बाळ नेहमीपेक्षा जास्त झोपतंय, हेही आईनं सांगितलं.

हे का झालं ते समजून घ्या. दुकानात नाकाचे थेंब मुख्यतः दोन प्रकारचे मिळतात. एकात फक्त मिठाचं निर्जंतुक पाणी, म्हणजे सलाईन असतं. बाटलीवर सोडियम क्लोराईड असं लिहिलेलं असतं, प्रमाण ०.६५ किंवा ०.९ टक्के. ते घट्ट शेंबूड पातळ करतं, बाकी काही नाही. दुसऱ्यात ऑक्सिमेटाझोलिन किंवा झायलोमेटाझोलिन असतं. हे औषध नाकातल्या रक्तवाहिन्या आवळतं, म्हणून सूज उतरते आणि वाट मोकळी होते. पण सलग काही दिवस घातलं, की त्याचा असर संपताच त्या रक्तवाहिन्या आधीपेक्षा जास्त फुगतात. नाक पुन्हा बंद होतं, म्हणून पुन्हा थेंब, म्हणून पुन्हा सूज. सर्दी बरी होऊन जाते आणि औषधानं चोंदलेलं नाक मागं उरतं. ओळखायची खूण आजींच्या बोलण्यातच आहे: थेंबांचा उपयोग दिवसेंदिवस कमी वेळ टिकतो, आणि नाकात शेंबूड नसतानाही नाक बंद असतं.

आता ताकदीचं बघा. मोठ्यांच्या ऑक्सिमेटाझोलिनचं प्रमाण ०.०५ टक्के असतं, तान्ह्या बाळासाठीच्या थेंबांचं ०.०१ टक्के. म्हणजे आजोबांच्या बाटलीतला एक थेंब म्हणजे बाळाच्या औषधाचे पाच थेंब. प्रत्येक नाकपुडीत दोन, म्हणजे एका वेळेला वीस थेंबांएवढं औषध त्या पाच किलोच्या जिवात गेलं. ते नाकातच राहत नाही. थोडं तिथूनच रक्तात जातं, थोडं घशात उतरून पोटात जातं. जास्त झालं तर बाळ गुंगतं, पांढरं पडतं, अंग गार लागतं, हृदयाचे ठोके आणि श्वास मंदावतात. एखाद्या मुलानं बाटली तोंडाला लावून एक-दोन मिलीलिटर जरी गिळलं, तरी जिवावर बेतू शकतं, असा इशारा अमेरिकेच्या औषध नियामकांनी २०१२ साली दिला होता. अशी गुंगी दिसली तर वाट बघू नका. १०८ ला फोन करा, आणि रुग्णालयात जाताना ती बाटली बरोबर न्या, म्हणजे कोणतं औषध किती ताकदीचं गेलं हे तिथं लगेच कळेल.

माझी सगळ्यात मोठी काळजी ही, की एकाच कंपनीच्या एकाच नावाखाली मिठाचे थेंबही मिळतात आणि औषधाचेही. बाटल्या दिसायला सारख्याच. म्हणून मेडिकलमध्ये नुसतं "बाळाच्या नाकाचे थेंब द्या" म्हणू नका. "सलाईनचे थेंब" म्हणा, आणि घरी आल्यावर बारीक अक्षरातलं औषधाचं नाव आणि टक्केवारी वाचा. वाचता येत नसेल तर दुकानदाराकडून तिथंच वाचून घ्या.

मग त्या बाळाचं काय केलं? औषधाचे थेंब त्याच दिवशी बंद. हृदयाचे ठोके मोजले, ते ठीक होते. तरी काही तास दवाखान्यात नजरेखाली ठेवलं. पहिले दोन-तीन दिवस नाक जास्तच बंद वाटेल, हे आईला आधीच सांगितलं, कारण नेमकं तेव्हाच घरातली माणसं घाबरून पुन्हा जुनी बाटली उघडतात. त्याऐवजी प्रत्येक वेळी पाजण्याच्या दहा-पंधरा मिनिटं आधी सलाईन.

त्याची पद्धत अशी. बाळाला उताणं निजवा, खांद्याखाली फडक्याची छोटी घडी ठेवा, म्हणजे डोकं किंचित मागं जाईल. ड्रॉपरचं टोक नाकाला न लावता प्रत्येक नाकपुडीत एक किंवा दोन थेंब सोडा. मिनिटभर थांबा. बाळ शिंकेल, शेंबूड पुढं येईल, तो मऊ फडक्यानं टिपून घ्या. रबरी पंप वापरायचा असेल तर आधी बाहेर दाबून हवा काढा, मग टोक नाकपुडीच्या तोंडाशी टेकवा आणि हळू सोडा. नाकात असताना कधी दाबायचं नाही. पंप दिवसातून तीन-चार वेळांपेक्षा जास्त नको, सारखं ओढून नाक आतून सुजतं आणि कधी रक्तही येतं. पोटभर पाजल्यावर हे सगळं करू नका, बाळ ओकून टाकतं.

सलाईनला दिवसांची मर्यादा नाही, सर्दी असेपर्यंत घाला. मात्र उघडलेली बाटली छापलेल्या मुदतीनंतर टाकून द्या आणि दोन मुलांत एकच बाटली वापरू नका. घरी मीठ विरघळवून पाणी करू नका. प्रमाण चुकतं आणि ते निर्जंतुक नसतं. नाकात तेल सोडू नका, ते फुप्फुसात उतरून न्यूमोनिया होऊ शकतो. कापूर बाळाच्या जवळही नको, त्यानं झटके येऊ शकतात. आंघोळीनंतरची धुरीसुद्धा या दिवसांत बंद ठेवा, धुरानं नाकाची सूज वाढते.

औषधाचे थेंब कधीच द्यायचे नाहीत का? देतो, पण क्वचित. सलाईन घालूनही बाळाला पिता येत नसेल, झोप मोडत असेल, आणि बाळाला तपासलेलं असेल, तर ०.०१ टक्क्यांचं ऑक्सिमेटाझोलिन. मी स्वतः प्रत्येक नाकपुडीत एक थेंब, दिवसातून दोनदा, एवढंच लिहितो, आणि तीन दिवसांवर नाही. चिठ्ठीवर शेवटची तारीख घालतो. चौथ्या दिवशी नाक बंद असेल तर थेंब वाढवायचे नाहीत, बाळाला दाखवायला आणायचं.

नाक नुसतं घुरघुरतंय, पण बाळ नीट पितंय आणि शांत झोपतंय, तर काहीही घालायची गरज नाही. पहिल्या काही महिन्यांत बाळ मुख्यतः नाकानंच श्वास घेतं आणि त्या वाटा फार अरुंद असतात, म्हणून आवाज होतोच. याउलट श्वास घेताना बरगड्यांखाली खड्डा पडतोय, ओठ निळसर दिसतात, नेहमीच्या निम्मंही दूध जात नाही, किंवा तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला १००.४ फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त ताप आहे, तर तो थेंबांचा विषय नाही, लगेच रुग्णालयात जा. श्वास शंका येण्याइतका जलद वाटला तर बाळ शांत असताना पूर्ण एक मिनिट मोजा. दोन महिन्यांच्या आत ६० किंवा जास्त, दोन महिन्यांपासून वर्षापर्यंत ५० किंवा जास्त भरले, तरी तेच.

कागलचं ते बाळ आठवड्याभरात नीट प्यायला लागलं. आजोबांची बाटली आता वरच्या फळीवर, कुलुपाच्या कपाटात असते. नमस्कार.