बाटली आधी, चौकट नंतर: जाहिरातीच्या दृश्याची रचना

(नवोदित छायाचित्रकार आणि लघुउद्योजकांसाठी दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

नमस्कार. आज एकच दृश्य घेऊन बोलू या. कोकणातल्या एका घरगुती उद्योगाला आपल्या कोकम सिरपची जाहिरात करायची आहे. काचेची बाटली, तिच्यावर पांढरं लेबल, शेजारी सरबताचा भरलेला ग्लास, मागे जांभ्या चिऱ्याची भिंत आणि त्यापलीकडे आगर. फोटो मोबाईलवर उभा, 4:5 मापात दिसणार आहे.

नवखा माणूस अशा वेळी काय करतो? मोबाईलमध्ये ग्रिड चालू करतो, फ्रेमचे उभे-आडवे तीन-तीन सारखे भाग करणाऱ्या दोन उभ्या आणि दोन आडव्या रेषा दिसतात, त्या जिथे छेदतात तिथे बाटली ठेवतो आणि फोटो काढतो. तृतीयांशाचा नियम पाळला, तरी फोटो बघणाऱ्याची नजर जाते कोपऱ्यातल्या चकाकणाऱ्या स्टीलच्या तांब्यावर. हे होतं कारण कामाचा क्रम उलटा झालेला असतो. आधी फोकल पॉइंट, मग रेषा आणि तृतीयांश सगळ्यात शेवटी, असा क्रम मी तुम्हाला सुचवतो.

फोकल पॉइंट म्हणजे नजर पहिल्यांदा जिथे टेकावी ती जागा. तुम्ही मोबाईलवर बोट लावून फोकस करता ती जागा आणि ही जागा एकच असेल असं नाही. नजर ओढली जाते ती आजूबाजूपेक्षा वेगळ्या दिसणाऱ्या गोष्टीकडे: गडदात उजळ, हिरव्यात लाल, धूसरात स्पष्ट. माणसाचा चेहरा आणि अक्षरं तर हमखास ओढतात. आणि ‘बाटली’ हे उत्तर मला पुरेसं वाटत नाही. बाटलीवर नेमकं कुठे? आपल्या दृश्यात ती जागा लेबल आहे, कारण नाव वाचलं गेलं नाही तर पुढच्या सगळ्या खटाटोपाचा उपयोग नाही.

आता कोकम सिरपची अडचण बघा. समोरून प्रकाश टाकला तर ते जवळजवळ काळं दिसतं. त्याचा खरा लाल रंग प्रकाश मागून आरपार आला की उमलतो. म्हणून पांढऱ्या कार्डशीटचा एक तुकडा बाटलीच्या आकारात, पण तिच्यापेक्षा थोडा लहान कापा आणि बाटलीच्या मागे तिरपा उभा करा. कॅमेऱ्यातून बघताना तो बाटलीआड पूर्ण लपला पाहिजे. वरून किंवा बाजूने येणारा उजेड त्यावर आपटून सिरपमधून पुढे येतो आणि बाटली आतून पेटल्यासारखी दिसते. लेबल मात्र अपारदर्शक, त्याला समोरून उजेड लागतो. त्यासाठी दुसरा पांढरा कागद पुढून बाजूला धरा. मागे आगराची गडद हिरवी सावली ठेवा. आता डोळे किलकिले करून स्क्रीनकडे बघा. बारकावे पुसले जातात आणि उजेडाचे ठिपके तेवढे उरतात. पहिला ठिपका लेबलाचा दिसला तर काम झालं. तांब्याचा दिसला तर तांब्या उचला, आहे तिथे झाकत बसू नका.

मग येतात नजर नेणाऱ्या रेषा, म्हणजे लीडिंग लाइन्स. आपल्याकडे त्या आयत्या आहेत: चिऱ्यांच्या थरांमधले आडवे सांधे. पण भिंतीसमोर सरळ उभे राहिलात तर ते सांधे डावीकडून उजवीकडे समांतर जातात आणि नजर फ्रेमच्या बाहेर निघून जाते. त्याऐवजी भिंत डाव्या हाताला घेऊन तिच्या लांबीच्या दिशेने बघा. आता तेच सांधे जवळ फाकलेले आणि लांब जाताना एकवटलेले दिसतील. हे एकवटणं कुठे होतं, ते नीट लक्षात ठेवा. जमिनीला समांतर असलेल्या रेषा नेहमी लेन्सच्या उंचीवर मिळतात. लेन्सच्या वरचे थर खाली उतरतात, खालचे थर वर चढतात. म्हणजे लेन्स लेबलाच्या उंचीवर आणली की भिंतीचा प्रत्येक थर लेबलाच्या उंचीकडे धावतो. उभ्याने, छातीच्या उंचीवरून फोटो काढला तर त्याच रेषा बाटलीच्या डोक्यावरून निघून जातात. बहुतेक फोटो इथेच बिघडतात, आणि उपाय गुडघ्यावर बसण्याइतका सोपा आहे.

रेषेला शेवट लागतो. ती जिथे संपते तिथे माल हवा. संपून पुढे मोकळा कोपरा असेल तर तिने नजर भलतीकडे नेली असं समजा. टेबलाची मागची कड बाटलीच्या मानेतून आरपार जाताना दिसली तर तीही रेषाच आहे, आणि ती बाटली कापते. टेबल किंवा फोन थोडा हलवून ती कड मानेपासून दूर करा.

आता तृतीयांश. 1797 साली जॉन थॉमस स्मिथ या इंग्रज चित्रकाराने निसर्गदृश्यांबद्दल लिहिताना ‘रूल ऑफ थर्ड्स’ हे शब्द वापरले. त्याच्या डोळ्यांसमोर जमीन आणि आकाश, उजेड आणि सावली यांची वाटणी होती. आपल्याला त्यातून जागेचा हिशोब मिळतो. 1080 बाय 1350 पिक्सेलच्या फ्रेममध्ये उभ्या रेषा 360 आणि 720 वर येतात, आडव्या 450 आणि 900 वर. बाटलीचा मध्य 720 वर आणि लेबल 900 वर ठेवा. बाटलीचं झाकण 450 च्या आसपास आलं, तर वरचा पूर्ण पट्टा आणि डावीकडचा मोठा भाग मोकळा मिळतो. या मोकळ्या जागेला जाहिरातवाले कॉपी स्पेस म्हणतात. मजकूर तिथे बसतो. आपण डावीकडून उजवीकडे वाचतो, तेव्हा ओळ वाचून नजर बाटलीवर येते. देवनागरीच्या वेलांट्या, मात्रा आणि उकारांना शिरोरेषेच्या वर-खाली जागा लागते, म्हणून ही जागा सढळ हाताने सोडा.

इथे एक पेच आहे. फोन ताठ धरला तर लेन्सची उंची फ्रेमच्या मध्यावर येते, खालच्या तृतीयांशावर येत नाही. फोन वर तिरका केला की लेबल खाली सरकतं, पण बाटलीच्या उभ्या कडा वरच्या बाजूला आत झुकतात. म्हणून फोन ताठच ठेवा, फ्रेम सैल घ्या आणि नंतर क्रॉप करताना खालून जास्त कापा. शिवाय फोनची मुख्य लेन्स बरीच वाइड असते आणि कडेकडच्या वस्तू ताणते. थोडं मागे जाऊन 2x वर घेतलं तर बाटलीचा आकार शाबूत राहतो.

तृतीयांश सोडायचा कधी? माल एकटा, समोरून, साध्या पार्श्वभूमीवर असेल, ज्याला पॅक शॉट म्हणतात, तेव्हा मध्यभागच चांगला. तिथे बाजूला सरकवलेलं खोकं मला उगाच रुसल्यासारखं वाटतं.

फोटो दुसऱ्याकडून काढून घेणार असाल तर ‘छान, आकर्षक फ्रेम’ असं लिहून देऊ नका. हिरो म्हणजे जाहिरातीतली मुख्य वस्तू, तिच्यापासून सुरुवात करून असं लिहा: “हिरो: बाटली, फोकल पॉइंट लेबल. बाटली उजव्या तृतीयांशावर, लेबल खालच्या छेदावर. चिऱ्याच्या भिंतीच्या रेषा डावीकडून लेबलाकडे. लेन्स लेबलाच्या उंचीवर. ग्लास डावीकडे, बाटलीपेक्षा ठेंगणा आणि किंचित धूसर. वर आणि डावीकडे कॉपी स्पेस.”

हाच प्रसंग 9:16 च्या उभ्या व्हिडिओसाठी हवा असेल तर तो वेगळा चित्रित करा. रीलमध्ये उजवीकडे खाली बटणं येतात आणि नेमकं लेबल झाकतात. फ्रेम आरशासारखी उलटी करू नका, लेबलावरची अक्षरं उलटी होतील. बाटली डाव्या तृतीयांशावर आणा, लेबल फ्रेमच्या मध्याच्या जरा वर घ्या, आणि भिंत या वेळी उजव्या हाताला येईल असे बसा.