सात चोक

[दृश्य: नागपूर, नंदनवन. सकाळची शाळा. मुलं पाढे म्हणताहेत.]

तिसरीचा वर्ग. सातचा पाढा चालला आहे. गेल्या वर्षी याच वर्गात एक मुलगी 'सात चोक' म्हणाली आणि थांबली. डोळे उघडे, नजर समोर, पापण्या किंचित फडफडलेल्या. वर्ग पस्तीस, बेचाळीस, एकोणपन्नास म्हणत पुढे गेला. मग ती मुलगी म्हणाली, "अठ्ठावीस." मधलं काही घडलंच नाही, अशा सुरात.

मुलं हसली. बाई हसल्या नाहीत.

[दृश्य: शुद्धलेखनाची वही, जवळून.]

ही तिची वही. बाईंनी सांगितलेलं वाक्य होतं, 'आजीने अंगणात तुळशीजवळ दिवा लावला.' वहीत आहे, 'आजीने अंग', मग पेन्सिलीची एक ओघळलेली रेघ, मग 'लावला'. पान उलटा. इथेही तेच. अक्षर सुरेख आहे आणि येतात ते शब्द शुद्ध आहेत, फक्त मधले शब्द गायब आहेत. प्रगतिपुस्तकात मात्र शेरा होता, 'वर्गात लक्ष देत नाही.'

तो शेरा बाईंचाच होता. तो खोडायचा, तर आधी नीट पाहायला हवं, असं त्यांनी ठरवलं.

[दृश्य: बाईंची छोटी डायरी, मनगटावरचं घड्याळ.]

आठ दिवस त्या सेकंदकाट्यावर नजर ठेवून होत्या. सोमवार, प्रार्थनेनंतर, नऊ सेकंद. मंगळवार, डबा खाताना, घास हातात, सात सेकंद. बुधवार, मैत्रिणीशी बोलता बोलता, बारा सेकंद. प्रत्येक वेळी नावाने हाक मारली, खांद्यावर हात ठेवला. प्रतिसाद नाही. थांबणं संपलं की ती लगेच पूर्ववत, ना गुंगी, ना रडणं. आणि मधलं तिला काहीच आठवायचं नाही.

तंद्री लागलेलं मूल सहसा कंटाळवाण्या तासाला हरवतं आणि खांद्याला हात लागला की दचकून भानावर येतं. ही मुलगी आवडीचा डबा खाताना, अर्ध्या वाक्यात थांबत होती. आठ दिवसांत चौदा नोंदी झाल्या, त्याही बाईंच्या नजरेला पडल्या तेवढ्याच.

[दृश्य: रेघी कागद, निळी शाई. बाई पत्र वाचतात.]

पत्र तीनदा लिहिलं गेलं. पहिल्या मसुद्यात 'फिट' हा शब्द होता. घरचे घाबरतील, कुणी कांदा हुंगवेल, कुणी दृष्ट काढेल, म्हणून तो कागद फाडला. दुसऱ्यात आजाराचा उल्लेखच नव्हता. मग कुणी दवाखान्यात नेलंच नसतं. हे तिसरं:

"ताई, भाऊ, सप्रेम नमस्कार. तुमची लेक दिवसातून काही वेळा पाच ते बारा सेकंद थबकते. त्या वेळी तिला हाक ऐकू येत नाही. ती हे मुद्दाम करत नाही, म्हणून तिला रागावू नका. तारीख-वेळेसह नोंदी सोबत जोडल्या आहेत. अशा थबकण्यामागे कधी कधी अ‍ॅब्सेन्स सीझर, म्हणजे मेंदूत काही क्षण उठणारा झटका, हे कारण असतं. तिला तेच आहे असं मी म्हणत नाही, ते डॉक्टरच सांगतील. मेडिकल किंवा मेयो या सरकारी रुग्णालयाच्या बालरोग विभागात दाखवावं, ही विनंती. घरी असं दिसलं तर मोबाइलवर व्हिडिओ काढून ठेवा."

[दृश्य: आईच्या मोबाइलमधला व्हिडिओ.]

रविवारची दुपार. संत्र्याची फोड तोंडाशी नेलेली, आणि हात तिथेच थांबलेला. अकरा सेकंद. ओठ चघळल्यासारखे हलताहेत.

आई म्हणते, "मले वाटे, अभ्यासाचा कंटाळा करते पोरगी."

[दृश्य: कागदी भिंगरी.]

डॉक्टरांनी नोंदी वाचल्या, व्हिडिओ पाहिला आणि तिच्या हातात अशी भिंगरी दिली. फुंकत राहा, तीन मिनिटं. जोरजोरात श्वास घेतला की हे झटके बहुतेकदा समोरच उमटतात, पण हा प्रयोग डॉक्टरांपुढेच करायचा. दीड मिनिटात भिंगरी थांबली. पुढे ईईजी झाला. डोक्याला तारा लावून मेंदूतल्या विजेचा आलेख काढतात, दुखत नाही. कागदावर सेकंदाला तीन या ठेक्याने टोकदार लाटा आल्या. निदान पक्कं झालं. नेमका प्रकार कळणं गरजेचं होतं, कारण फिटच्या काही औषधांनी हे झटके उलट वाढतात. योग्य गोळी सुरू झाली, थबकणं थांबलं. एकटीने पोहणं, रहदारीत सायकल, हे डॉक्टर सांगेपर्यंत बंद.

[दृश्य: दवाखान्याची फाइल.]

बाईंचं पत्र आता इथे असतं, ईईजीच्या कागदाला टाचलेलं. दर तपासणीला आई ते सोबत नेते.