सेलचा रोध मोजताना नागपूरचं ऊन विसरू नका

ई-रिक्षाच्या बॅटऱ्या दुरुस्त करणाऱ्या तुम्हा मंडळींसमोर मी आज एकाच सेलची गोष्ट सांगणार आहे. जुन्या पॅकमधून काढलेला, अडीच अँपिअर-तासांचा 18650 सेल. मे महिन्यातली दुपार, टेबलापाशी 43 अंश.

सेल अर्धा चार्ज करून तासभर तसाच ठेवला होता. मग अर्ध्या अँपिअरचा लोड 10 सेकंद दिला, व्होल्टेज आलं 3.640. लगेच लोड अडीच अँपिअरवर नेला आणि एका सेकंदाने वाचलं, 3.524. व्होल्टेज 0.116 ने पडलं, करंट 2 अँपिअरने वाढला. भागाकार केला की 0.058 ओहम, म्हणजे 58 मिलिओहम. पल्सची चाचणी एवढीच. दोन्ही वेळा लोड चालूच असतो, त्यामुळे सुरुवातीच्या क्षणाचा गोंधळ हिशेबात येत नाही.

त्याच जातीचा नवा सेल 25 अंशांवर 40 दाखवत होता. 58 म्हणजे दीडपटीच्याही आत, सेल ठीक, असं मला वाटलं. मग तो रात्रभर 25 अंशांच्या खोलीत ठेवला आणि सकाळी तीच चाचणी केली. 3.634 वरून थेट 3.470. रोध 82! सेल सुधारला नव्हता की बिघडला नव्हता. उष्णतेने आतली रासायनिक क्रिया आणि आयनांची हालचाल सोपी होते, म्हणून दुपारी रोध कमी दिसला होता. नागपूरच्या उन्हाळ्यात थकलेला सेल असा तरुण दिसतो, आणि डिसेंबरच्या पहाटे चांगला सेलही म्हातारा वाटतो.

रोध नव्या सेलच्या दुप्पट झाला की जोराच्या कामासाठी सेल संपला, असं साधारणपणे मानतात. 5 अँपिअर खेचले तर 82 मिलिओहमचा सेल आतल्या आत दोन वॅट उष्णता करतो, नवा एकच. पण ‘चांगला आकडा’ सगळ्यांना एक नसतो. ड्रिल मशीनच्या सेलला वीस-पंचवीस शोभतात, जास्त क्षमतेच्या सेलला चाळीस ते साठही चालतात.

आता तारांचं. करंटच्या क्लिपांवरच मल्टिमीटर लावला, तर स्प्रिंगच्या होल्डरचे आणि तारांचे मिलिओहम सेलच्या नावावर चढतात. व्होल्टेजच्या दोन तारा वेगळ्या घ्या आणि थेट सेलच्या टोकांना टेकवा. आणि बाजारातला एक किलोहर्ट्झचा छोटा मीटर कमी आकडा दाखवतो म्हणून त्याला खोटा ठरवू नका. तो फक्त झटपट होणारी घट पाहतो, रासायनिक क्रियेमुळे मागून येणारी घट त्याला दिसतच नाही. त्याचा आकडा त्याच्याच आकड्याशी ताडा.

सेलवर मार्करने लिहिताना रोधाशेजारी अंश आणि सेकंदही लिहा. आणि हो, आत हळूहळू गळणारा सेल या चाचणीत निर्दोष निघतो. तो ओळखायला पूर्ण चार्ज करून आठवडाभर बाजूला ठेवावा लागतो, मग व्होल्टेज पाहायचं.