शेवटची भेट

श्रोते हो, नमस्कार.

निघताना आपण ‘जातो’ म्हणत नाही, ‘येतो’ म्हणतो. समुपदेशनाच्या शेवटच्या भेटीत मात्र हा शब्द अडचणीत आणतो. आज त्या भेटीविषयी बोलते.

ही भेट अचानक येऊ नये. अँथनी राईल यांच्या कॉग्निटिव्ह ॲनालिटिक थेरपीत बहुधा १६ भेटी सुरुवातीलाच ठरतात आणि शेवटी दोघंही एकमेकांना निरोपाचं पत्र लिहितात. मी पत्र लिहीत नाही, पण शेवटची तारीख चार भेटी आधी ठरवते. कारण खरं काम त्या चार भेटींतच होतं.

एक उदाहरण सांगते. ओळख पटू नये म्हणून दोन-तीन जणींच्या गोष्टी त्यात मिसळल्या आहेत. तिची झोप सुधारली होती, धडधड थांबली होती. आम्ही तारीख ठरवली. पुढच्या भेटीला ती आलीच नाही. त्यानंतरच्या वेळी आली ती म्हणत, “पुन्हा झोप उडालीय. आणि शेवटचं नाही आले तर चालेल ना? तसंही सगळं बोलून झालंय.”

शेवट जवळ आला की जुनी तक्रार अशी डोकं वर काढते. घाईने भेटी वाढवल्या तर निरोप फक्त पुढे ढकलला जातो. म्हणून मी आधी विचारलं, घरी किंवा कामावर नवं काही घडलंय का? तसं असतं, किंवा जिवाला धोका वाटला असता, तर तारीख नक्की बदलली असती. नवं काहीच नव्हतं. मग विचारलं, “याआधी कुणाचा निरोप घ्यायचा राहिलाय?”

बराच वेळ ती गप्प होती. नऊ वर्षांची असताना वडील आजारी पडले आणि तिला मावशीकडे पाठवलं. परत आली तेव्हा सगळं उरकलं होतं, वडिलांची खोलीही आवरलेली होती. त्यानंतर नोकरी असो की मैत्री, शेवटच्या दिवशी ती कधी थांबलीच नव्हती. कुणी सोडून जाण्याआधी आपणच निघायचं.

प्रत्येक चुकलेल्या भेटीमागे असं दुःख असतंच असं नाही. कधी पैसे पुरत नाहीत, कधी समुपदेशकच पटलेला नसतो. तेही विचारावं लागतं.

शेवटच्या दिवशी ती आली. पहिल्या भेटीत तिने सांगितलेल्या तक्रारी आम्ही वाचल्या. काय बदललं, काय राहिलं, माझी कुठली गोष्ट तिला खटकली, हे ती बोलली. तिची आठवण येईल, असं मीही सांगितलं. वेळ एरवीइतकीच ठेवली, मिनिटभरही वाढवली नाही.

दाराशी ती सवयीने म्हणाली, “येते.” मग थांबली, वळून माझ्याकडे पाहिलं.

“जाते मी,” म्हणाली.