क्षार किती विरघळला? सिल्व्हर क्रोमेटचं गणित

[दृश्य: पिवळ्या द्रावणात थेंबाथेंबाने सिल्व्हर नायट्रेट पडतं आहे. विटकरी लाल अवक्षेप तयार होतो.]

हा लाल गाळ म्हणजे सिल्व्हर क्रोमेट, Ag₂CrO₄. पाण्यात तो जवळपास विरघळत नाही. पण "जवळपास" म्हणजे नेमका किती? एक लीटर शुद्ध पाण्यात, २५ अंश सेल्सिअसला, त्याचे किती मोल विरघळतील? हीच त्याची मोलर विद्राव्यता, आणि ती विद्राव्यता गुणाकारावरून, म्हणजे Ksp वरून, काढता येते.

[दृश्य: पडद्यावर दोन आकडे.]

AgCl : Ksp = 1.8 × 10⁻¹⁰
Ag₂CrO₄ : Ksp = 1.1 × 10⁻¹²

क्रोमेटचा आकडा क्लोराइडपेक्षा सुमारे १६० पट लहान आहे. म्हणजे क्रोमेट कमी विरघळत असणार, असं वाटणं साहजिक आहे. आधी गणित करू, मग ठरवू.

क्रोमेटचे s मोल विरघळले, की द्रावणात क्रोमेट आयन s मोल येतात, पण सिल्व्हर आयन 2s येतात, कारण प्रत्येक एककात सिल्व्हर दोन आहेत. म्हणून:

Ksp = [Ag⁺]²[CrO₄²⁻] = (2s)² × s = 4s³

इथे बरेच विद्यार्थी अडखळतात. "दोनने गुणलं, मग वर्गही केला, म्हणजे एकच गोष्ट दोनदा मोजली," असं त्यांना वाटतं. तसं नाही. 2s ही सिल्व्हरची प्रत्यक्ष संहती आहे. वर्ग येतो तो समतोलाच्या नियमातून, आणि वर्ग त्या अख्ख्या संहतीचा करायचा. कंस विसरून 2s² लिहिलं, की उत्तर चुकलंच.

आता 4s³ = 1.1 × 10⁻¹², म्हणून s³ = 2.75 × 10⁻¹³. घनमूळ काढण्याआधी घातांक तीनने भाग जाईल असा करून घ्या: 275 × 10⁻¹⁵. २७५ चं घनमूळ साधारण ६.५.

s = 6.5 × 10⁻⁵ मोल प्रति लीटर

वजनात सांगायचं तर लीटरला जेमतेम २२ मिलिग्रॅम. पडताळा घ्यायला हे उत्तर परत मूळ सूत्रात घाला: सिल्व्हर 1.3 × 10⁻⁴, त्याचा वर्ग गुणिले 6.5 × 10⁻⁵. पुन्हा 1.1 × 10⁻¹² येतं.

आणि सिल्व्हर क्लोराइड? तिथे दोन्ही आयन s, त्यामुळे साधं वर्गमूळ: 1.3 × 10⁻⁵. म्हणजे लहान Ksp असलेलं क्रोमेटच जवळपास पाचपट जास्त विरघळतं! एका क्षाराला वर्गमूळ लागतं, दुसऱ्याला घनमूळ. म्हणून सूत्राची घडण सारखी असेल तरच नुसत्या Ksp वरून तुलना करावी.

[दृश्य: दोन चंचुपात्रं. एकात रंगहीन, दुसऱ्यात पिवळं द्रावण.]

आता पाण्याऐवजी 0.10 M सिल्व्हर नायट्रेट घेऊ. सिल्व्हर आधीच हजर आहे. त्याची संहती 0.10 + 2s, पण s इतका लहान की 0.10 धरली तरी चालते. हा 0.10 मात्र दुप्पट करायचा नाही. तो नायट्रेटमधून आला आहे, क्रोमेटमधून नाही.

s = 1.1 × 10⁻¹² ÷ (0.10)² = 1.1 × 10⁻¹⁰

विद्राव्यता सुमारे सहा लाख पटींनी घसरली. दुसऱ्या पात्रात 0.10 M पोटॅशियम क्रोमेट आहे. तिथे 4s² × 0.10 = 1.1 × 10⁻¹², म्हणून s = 1.7 × 10⁻⁶, म्हणजे घट फक्त चाळीसपट. समान आयन दोन्हीकडे तेवढाच, पण सिल्व्हरच्या संहतीचा वर्ग होतो, क्रोमेटच्या संहतीचा होत नाही.

हे सोपं रूप कुठे फसतं, तेही पाहू. सिल्व्हर नायट्रेट फक्त 0.00010 M असेल आणि 2s सोडून दिलं, तर s येतो 1.1 × 10⁻⁴, म्हणजे शुद्ध पाण्यापेक्षाही जास्त. समान आयन असताना हे शक्यच नाही. असं उत्तर दिसलं की 2s परत घ्यायचं आणि पूर्ण समीकरण सोडवायचं. किंमती घालून पाहत गेलं, तर उत्तर 3.7 × 10⁻⁵ च्या जवळ स्थिरावतं.

[दृश्य: लाल अवक्षेपावर विरल नायट्रिक आम्लाचे थेंब. गाळ विरघळतो, द्रावण नारिंगी होतं.]

आणि आम्ल पडलं, तर वरचा एकही आकडा लागू राहत नाही. क्रोमेटचं डायक्रोमेट होतं, द्रावणातला क्रोमेट आयन कमी होतो आणि समतोल सांभाळायला गाळ विरघळत जातो. Ksp बदललेला नसतो. फक्त विरघळलेलं सगळं क्रोमियम आता क्रोमेटच्या रूपात नसतं, म्हणून क्रोमेटची संहती s धरता येत नाही.